डिस्चार्जनंतर डिपॉझिटचा परतावा: बिल, विमा कंपनीचा वाटा आणि आपल्या हातात आलेली रक्कम यांचा मेळ बसत नाही

मुळशीकर

मंडळी, जाणकारांचं मत हवं आहे.

आईची पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात झाली. तब्येत उत्तम आहे. पॉलिसी चार लाखांची आणि कॅशलेस मंजूर झालेलं. तरी ॲडमिशनच्या वेळी ५०,००० रुपये डिपॉझिट भरायला लावलं. त्यातले ३०,००० दाजींनी त्यांच्या क्रेडिट कार्डावरून भरले, कारण मी तेव्हा वर वॉर्डात होतो. उरलेले २०,००० मी यूपीआयने दिले. "कॅशलेस आहे, जास्तीत जास्त दहा-बारा हजार कापले जातील, बाकी परत" असं काउंटरवर तोंडी सांगितलं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी फायनल बिल आलं १,४६,४०० रुपयांचं. विमा कंपनीने मंजूर केले १,०३,७५०. रुग्णालयाने सरळ वजाबाकी करून ४२,६५० रुपये पेशंटचा वाटा दाखवला आणि डिपॉझिटमधून ७,३५० परत करतो म्हणाले. आईला घरी न्यायची घाई होती, त्यामुळे सही करून निघालो.

घरी येऊन कागद नीट पाहिले. विमा कंपनीच्या पत्रात तीन-चार प्रकारच्या कपाती आहेत आणि त्या सगळ्याच आम्ही भरायच्या का, हे काही केल्या कळत नाही. वजाबाकी बरोबर आहे, पण हिशेब बरोबर आहे का? अशा वेळी कोणता कागद कोणत्या कागदाशी ताडून बघायचा? दाजींचे पैसे अडकलेत म्हणून जास्त लागतंय.

शमिका

अगदी हेच माझ्या सासऱ्यांच्या वेळी झालं होतं. आम्ही सोडून दिलं. उत्तरं वाचायला बसलेय.

राजाभाऊ सातारकर

मुळशीकर, यात शोधण्यासारखं काही नाही. विमा कंपनी देईल ते त्यांचं, उरलेलं आपलं. बिल वजा मंजूर रक्कम, हाच पेशंटचा वाटा. मी तीनदा कॅशलेस घेतलंय, दरवेळी असंच झालं. ग्लोव्हज, मास्क, रूमचा फरक हे कापतातच. तुमच्या पत्रात 'डिस्काउंट' असं काही लिहिलं असेल तर तो कंपनी आणि रुग्णालय यांच्यातला मामला, आपला त्याच्याशी संबंध नाही.

गोदाकाठ

राजाभाऊ, शेवटच्या वाक्यात तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत, पण निष्कर्ष उलटा काढलात.

मी एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, क्लेम विभागात बरीच वर्षं काम केलं आहे, आता निवृत्त आहे. मुळशीकर, तुमच्याकडे तीन कागद हवेत. पहिला म्हणजे रुग्णालयाचं तपशीलवार बिल, ज्यात प्रत्येक ओळ वेगळी दिसते. एक पानी सारांश चालणार नाही. दुसरं विमा कंपनीचं फायनल ऑथरायझेशन लेटर. सुरुवातीला येतं ते नाही, डिस्चार्जच्या वेळी आलेलं शेवटचं. तिसरी डिपॉझिटची पावती आणि परताव्याचं व्हाउचर. ऑथरायझेशन लेटरमध्ये एक तक्ता असतो: एकूण बिल, इतर कपाती, डिस्काउंट, को-पे, डिडक्टिबल, अधिकृत रक्कम आणि 'विमाधारकाने भरायची रक्कम'. तो तक्ता इथे टाका. नाव आणि पॉलिसी नंबर झाका.

विदर्भकन्या

आमच्याकडे नागपूरला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत माझ्या काकांची अँजिओप्लास्टी झाली, एक रुपया डिपॉझिट घेतलं नाही. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी अंगीकृत रुग्णालयाला पैसे मागता येत नाहीत. तुम्ही आरोग्यमित्राला भेटलात का? तो डिपॉझिट परत मिळवून देतो.

मुळशीकर

@विदर्भकन्या, आमची खासगी विमा पॉलिसी आहे, योजनेतून झालेलं नाही. माहितीबद्दल आभार, गावाकडच्या लोकांना सांगीन.

@गोदाकाठ, तक्ता असा आहे:

एकूण बिल १,४६,४००
रुग्णालयाची सवलत (एमओयू डिस्काउंट) १०,१००
न देय वस्तू १२,३५०
खोलीभाड्याचा फरक आणि प्रमाणशीर कपात २०,२००
को-पे ०
अधिकृत रक्कम १,०३,७५०

'विमाधारकाने भरायची रक्कम' या रकान्यात ३२,५५० लिहिलं आहे! हे मी आत्ता पाहतोय. रुग्णालयाने तर ४२,६५० घेतले.

गोदाकाठ

मग उत्तर तुमच्याच हातात आहे.

न देय वस्तू १२,३५० आणि खोलीचे २०,२००, मिळून ३२,५५०. हा तुमचा वाटा, आणि विमा कंपनीनेही तोच लिहिला आहे. ५०,००० मधून तो वजा केला की परतावा १७,४५० यायला हवा होता. तुम्हाला मिळाले ७,३५०. फरक १०,१००, म्हणजे बरोबर डिस्काउंटच्या ओळीइतका.

असं का होतं? विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये येताना रुग्णालय कंपनीशी दराचा करार करतं. त्यात ठरावीक बाबींवर सवलत देण्याचं मान्य केलेलं असतं. बहुधा औषधं आणि इम्प्लांट त्यातून वगळलेली असतात. ही सवलत बिल कमी करते. ती कुणी भरायची रक्कम नसतेच. ती कुणाकडून वसूल केली, तर रुग्णालयाने सवलत दिलीच नाही असा अर्थ होतो. कंपनीला सूट दाखवली आणि तीच पेशंटच्या डिपॉझिटमधून काढून घेतली.

आता तुमच्या पत्राच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेल्या अटी वाचा. प्रमाणित नमुन्यात एक अट अशी असते की, नेटवर्क रुग्णालयाने विमाधारकाच्या डिपॉझिटमधून न देय रकमांखेरीज दुसरी कोणतीही वसुली करायची नाही. तिच्या शेजारीच आणखी एक असते: अशी जादा वसुली झाली, तर ती परत करायला लावण्याचा अधिकार कंपनीने आणि टीपीएने राखून ठेवलेला आहे. या दोन ओळींवर पेनाने खूण करा.

राजाभाऊ सातारकर

गोदाकाठ, मला अजून पटत नाही. माझ्या मागच्या क्लेमला नंतर एसएमएस आला होता की रुग्णालयाला इतके इतके दिले, आणि ती रक्कम मंजुरीपेक्षा जवळपास दहा टक्के कमी होती. म्हणजे कंपनी रुग्णालयालाही कापूनच देते. मग ते पैसे रुग्णालय कुठून आणणार? आपल्याकडूनच.

गोदाकाठ

राजाभाऊ, तो टीडीएस होता. कंपनी किंवा टीपीए रुग्णालयाला पैसे देताना आयकर कापते आणि रुग्णालयाच्या पॅनवर भरते. रुग्णालयाला त्याचं श्रेय आपल्या विवरणपत्रात मिळतं. त्यात त्यांचं नुकसान नाही आणि पेशंटचा संबंधही नाही. टीडीएसच्या नावाने डिपॉझिटमधून कुणी एक रुपया घेतला असेल, तर तोही परत मागा.

बिलिंगवाली

मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात टीपीए डेस्कवर काम करते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते. बाजू घेत नाहीये.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाची रक्कम असते आणि मी 'स्पॉन्सर'च्या रकान्यात मंजूर रक्कम टाकते. उरलेलं सगळं आपोआप पेशंटच्या नावावर जातं. करारातली सवलत त्याला कळत नाही. ती मला वेगळी नोंद करून बिलातून कमी करावी लागते, आणि त्यासाठी अकाउंट्सच्या साहेबांची मंजुरी लागते. संध्याकाळी सात वाजता चार डिस्चार्ज एकदम असतात, साहेब घरी गेलेले असतात आणि नातेवाईक काउंटरवर टकटक करत असतात. मग बिल तसंच बंद होतं. महिनाअखेरीला विमा कंपनीचे पैसे जुळवताना सवलतीची नोंद होते, तोवर पेशंटचे पैसे जमा होऊन गेलेले असतात. त्याच्या नावावर 'जादा जमा' दिसत राहते. कुणी विचारलं तर परत देतो. विचारायला फारसं कुणी येत नाही.

सगळीकडे हे अनवधानानेच होतं असं मी म्हणणार नाही. पण मुळशीकर, काउंटरवर भांडू नका. तिथल्या मुलीच्या हातात काही नसतं. 'बिलिंग मॅनेजर' किंवा 'अकाउंट्स, क्रेडिट सेल' यांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि नेमकं लिहा की 'एमओयू सवलत बिलात जमा करून सुधारित बिल द्यावे'. हे शब्द वाचले की समोरच्याला कळतं की तुम्हाला हिशेब कळला आहे. आणि सुधारित बिल मागायला विसरू नका. नुसता परतावा देऊन जुनं बिल तसंच ठेवलं तर पुढे टॉप-अपला किंवा ऑफिसात क्लेम करताना गोंधळ होतो.

शमिका

@बिलिंगवाली, 'विचारायला फारसं कुणी येत नाही' हे वाचून फार वाईट वाटलं. सासऱ्यांचे कागद आहेत अजून माळ्यावर. आज काढते.

न्यूजर्सीचा नाना

इकडे अमेरिकेत दरवेळी विमा कंपनीकडून ईओबी नावाचं पत्र घरी येतं. त्यात रुग्णालयाने लावलेली रक्कम, करारानुसार मान्य रक्कम, कंपनीने दिलेली आणि तुमच्याकडे निघणारी, असे रकाने असतात. पहिल्या दोनमधला फरक नेटवर्कमधल्या रुग्णालयाला सोडून द्यावा लागतो. आम्ही रुग्णालयाचं बिल ईओबीशी जुळेपर्यंत पैसेच भरत नाही. तिकडे डिपॉझिट आधीच घेतात, त्यामुळे पेशंटच्या हातातलं हेच साधन जातं असं दिसतंय.

पेठेतला आप्पा

नाना, आमच्याकडे पेशंट सोडायच्या आधी बिल जुळवत बसलं तर खोलीचं भाडं चढत राहतं. :)

एक गोष्ट मात्र सांगतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे रुग्णालयाची डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायला हवी. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यापायी जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे आहेत. आमच्या वहिनींच्या वेळी सकाळी सोडलं म्हणाले आणि रात्री मंजुरी आली. अर्ध्या दिवसाचं भाडं आम्हाला लावलं होतं. विनंती नक्की किती वाजता गेली ते टीपीएच्या ॲपवर दिसत होतं, ते दाखवल्यावर भाडं काढलं.

मुळशीकर

@बिलिंगवाली, खूप खूप आभार. उद्याच अर्ज लिहितो.

आणखी एक प्रश्न. परत मिळणारे पैसे कुणाच्या खात्यात जातात? पहिले ७,३५० दाजींच्या कार्डावर गेले म्हणतात, पण त्यांच्या स्टेटमेंटमध्ये अजून दिसत नाहीत. आणि आता अकाउंट्सवाले फोनवर म्हणतात, पेशंटच्या नावाचाच चेक मिळेल. आईचं खातं गावाकडच्या बँकेत आहे.

बिलिंगवाली

नियम प्रत्येक रुग्णालयाचा थोडा वेगळा असतो, पण धागा एकच: ज्याने भरले त्याला परत. कार्डाने भरलेलं त्याच कार्डावर उलटं जातं. पूर्ण व्यवहार रद्द न होता काही रक्कमच परत जात असेल, तर बँकेकडून साधारण आठवडाभर लागतो, आणि क्रेडिट कार्डावर ती पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा म्हणून दिसते. दाजींना कार्डाच्या ॲपमध्ये 'रिफंड' किंवा 'क्रेडिट' शोधायला सांगा. नाही दिसलं तर आमच्यासारख्यांकडून एआरएन नंबर मागा. तो दिला की बँकेला शोधता येतं. 'पाठवलंय' एवढ्या तोंडी उत्तरावर थांबू नका.

यूपीआयचे परत बहुधा एनईएफटीने येतात. रद्द केलेला चेक, मूळ डिपॉझिट पावती आणि भरणाऱ्याचं ओळखपत्र लागतं. मोठी रक्कम रोख भरली असली तरी वीस हजारांच्या वर रोख परत द्यायला बहुतेक रुग्णालयं आयकराचं कारण सांगून नकार देतात, तेव्हा तिथेही बँकेतूनच होतं. पेशंटच्या नावानेच चेक देणार म्हणत असतील तर पावती बघा. पावतीवर 'पैसे देणारा' म्हणून दाजींचं नाव असेल तर आग्रह धरा. नुसतं पेशंटचंच नाव असेल तर आईंचं संमतीपत्र द्या की परतावा अमुक व्यक्तीला द्यावा. एवढ्यावर होतं.

कोकणातली वैशाली

पावतीवरच्या नावावरून आमच्याकडे दोन भावांत अबोला आला होता. बाबांच्या वेळी धाकट्या दिरांनी भरले, परतावा बाबांच्या खात्यात गेला आणि बाबा गेल्यावर ते खातं वारसाहक्कात अडकलं. माझं कळकळीचं सांगणं आहे, डिपॉझिट भरताना पावतीवर भरणाऱ्याचं नाव लिहून घ्या.

राजाभाऊ सातारकर

माझे जुने कागद काढले. मागच्या क्लेमच्या पत्रात डिस्काउंट ६,२०० आहे आणि मी भरलेल्या रकमेत तो धरलेला आहे. गोदाकाठ, तुमचं म्हणणं पटलं. दोन वर्षं झाली, आता काही होईल का?

गोदाकाठ

राजाभाऊ, अर्ज जरूर करा. ग्राहक आयोगात जायचं झालं तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तारीख आजच तपासा. पण आधी साधा अर्ज द्या, अनेकदा तेवढ्यावर देतात.

आता मुळशीकरांच्या २०,२०० कडे वळू या, कारण तिथेही पाहण्यासारखं आहे. तुमची खोली दिवसाला कितीची होती आणि पॉलिसीत मर्यादा किती?

मुळशीकर

खोली ५,००० ची, तीन दिवस. पॉलिसीत विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ४,०००. बिलात खोली १५,०००, सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग आणि व्हिजिट मिळून ७१,०००, रक्त तपासण्या आणि सोनोग्राफी १५,०००, औषधं आणि इतर साहित्य ४५,४००.

गोदाकाठ

छान, स्पष्ट दिलंत.

खोलीचा फरक रोज हजार, तीन दिवसांचे ३,०००. त्यावर तुम्ही मर्यादेपेक्षा वरची खोली घेतली म्हणून खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात कापतात. तुमच्या बाबतीत ५,००० पैकी ४,००० मान्य, म्हणजे वीस टक्के कपात. ७१,००० चे वीस टक्के १४,२००. दोन्ही मिळून १७,२००.

पण कंपनीने २०,२०० कापले. ३,००० जास्त. हे ३,००० म्हणजे तपासण्यांच्या १५,००० चे बरोबर वीस टक्के. तेव्हा त्यांनी तपासण्याही प्रमाणशीर कपातीत धरल्या आहेत. औषधं, साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही कपात लावायची नाही, असं २०२० च्या सूचनांपासून चालत आलं आहे. आयसीयूच्या भाड्यालाही लावायची नाही. तुमच्या पॉलिसीत 'असोसिएटेड मेडिकल एक्सपेन्सेस' अशी व्याख्या असेल, तिथे ही वगळणी लिहिलेली सापडेल. ती ओळ पानाच्या क्रमांकासह काढून ठेवा.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे दावे आहेत आणि ते मिसळू नका. १०,१०० रुग्णालयाकडे मागायचे. ३,००० विमा कंपनीकडे, कारण ती कपात त्यांनी केली आहे. रुग्णालयाने ते घेतले ते कंपनीच्या पत्राप्रमाणेच. तपासण्यांचे पैसे रुग्णालयाकडे मागत बसलात तर ते कंपनीकडे बोट दाखवतील आणि त्या गडबडीत १०,१०० चंही रेंगाळेल.

पेठेतला आप्पा

@गोदाकाठ, आणि १२,३५० चं काय? त्यात ग्लोव्हज-मास्क असतील ते ठीक. पण 'फाइल चार्जेस', 'ॲडमिशन किट', 'डिस्चार्ज प्रोसेस' असले असतील तर?

मुळशीकर

आप्पा, आहेत! फाइल, ॲडमिशन किट, हाताचा पट्टा आणि डॉक्युमेंटेशन मिळून ३,१५० आहेत. बाकी ९,२०० ग्लोव्हज, मास्क आणि नातेवाइकांचं जेवण वगैरे.

गोदाकाठ

इथे मी ठाम बोलणार नाही. न देय वस्तूंच्या याद्या चार आहेत. पहिल्या यादीतल्या वस्तू, म्हणजे ग्लोव्हज, पाहुण्यांचं जेवण, कॅरी बॅग, या बहुतेक पॉलिसींत पेशंटवर येतात, वेगळं कव्हर घेतलं असेल तर सोडून. दुसऱ्या यादीतल्या गोष्टी, म्हणजे फाइल उघडणं, ॲडमिशन किट, ओळखपट्टा, डिस्चार्जची प्रक्रिया, या खोलीभाड्यातच धरलेल्या आहेत असं यादी सांगते. कंपनी म्हणून त्या वेगळ्या देत नाही. मग रुग्णालयाने पेशंटकडून तरी वेगळ्या घ्याव्यात का? माझ्या मते नेटवर्क रुग्णालयाने घेऊ नयेत, कारण त्यांचं भाडं आधीच घेतलेलं आहे.

बिलिंगवाली

आमचं व्यवस्थापन याच्या उलट म्हणतं. यादी विमा कंपनीला लागू, आमच्या दरपत्रकाला नाही. फलकावर दर लावलेला असेल तर घेतो. मला स्वतःला ते योग्य वाटत नाही, पण अर्ज आला तरी या ३,१५० वर आमच्याकडे कुणी सही करणार नाही.

विदर्भकन्या

महाराष्ट्रात रुग्णालयांना दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, २०२१ मध्ये सुश्रुषागृह नोंदणीच्या नियमांत ती दुरुस्ती झाली. मुळशीकर, 'ॲडमिशन किट'चा दर फलकावर होता का ते बघा. नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते. तिथे रुग्णालयाची नोंदणी असते.

डॉ. सह्याद्री

मी लहानसं नर्सिंग होम चालवतो. डिपॉझिट घेणं म्हणजे लूट असा सूर लागतोय म्हणून लिहितो. अंतिम मंजुरीनंतरही विमा कंपनी कागदपत्रांवर शंका काढून पैसे कापते. पेशंट घरी गेलेला असतो, फोन उचलत नाही. कधी दोन-दोन महिने पैसे येत नाहीत. म्हणून काही जण कंपनीचे पैसे जमा होईपर्यंत डिपॉझिट ठेवून घेतात. मी घेत नाही, पण कारण समजतं.

शमिका

डॉक्टर, कारण समजलं, पण कंपनी आणि रुग्णालयाच्या वादाची हमी आजारी माणसाने का द्यायची? सासऱ्यांचे चाळीस हजार 'टीपीएचे पैसे आले की' म्हणत दीड महिना ठेवले होते. त्याच काळात त्यांची बाहेरची औषधं आम्ही उधारीवर घेतली.

गोदाकाठ

डॉक्टरांचं म्हणणं खरं आहे, नंतरची कपात होते. पण मंजुरीपत्रातली अट न देय रकमेपुरतीच वसुली मान्य करते, डिपॉझिट अडकवून ठेवायला जागा देत नाही. ॲडमिशनच्या वेळी 'कंपनीने नंतर नाकारलेलं भरीन' अशा हमीपत्रावर सही घेतलेली असते, रुग्णालयं त्याचा आधार घेतात. मग कुठे काय नाकारलं याचं कंपनीचं पत्र दाखवा असं म्हणायचं. पत्र नसेल तर पैसे ठेवायला आधार नाही.

मुळशीकर

आतापर्यंतचं सांगतो. बिलिंग मॅनेजरना अर्ज दिला, सोबत ऑथरायझेशन लेटर आणि त्यातल्या दोन्ही अटींवर खूण. पोच म्हणून प्रतीवर शिक्का घेतला. त्यांनी आधी 'करार गोपनीय आहे' असं सांगितलं. मी म्हटलं, करार नको, तुमच्याच नावाने आलेल्या पत्रात 'विमाधारकाने भरायची रक्कम ३२,५५०' लिहिली आहे, तेवढीच घ्या. त्यावर त्यांनी अकाउंट्सला फोन केला. अर्जाची प्रत टीपीएलाही ईमेलने पाठवली होती, आणि टीपीएने रुग्णालयाकडे खुलासा मागितला. त्यानंतर सुधारित बिल आलं: १,३६,३०० रुपये, सवलत वजा करून. १०,१०० एनईएफटीने माझ्या खात्यात जमा झाले. पावतीवर दाजींचं नाव नसल्याने आईचं संमतीपत्र दिलं. मी लगेच दाजींना पाठवले. ७,३५० ही कार्डावर दिसले, एआरएन नंबर मागितल्यावर.

फाइल-किटच्या ३,१५० ना नकार. फलकावर 'ॲडमिशन किट' आहे, 'डॉक्युमेंटेशन' नाही. त्यापुरतं पुन्हा लिहिलं आहे.

तपासण्यांच्या ३,००० साठी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पॉलिसीतल्या व्याख्येसकट लिहिलं. अजून उत्तर नाही.

राजाभाऊ सातारकर

अभिनंदन मुळशीकर! माझा अर्जही गेला. ते म्हणतात जुनं वर्ष बंद झालंय.

गोदाकाठ

राजाभाऊ, हिशेबाचं वर्ष बंद झालं म्हणून देणं संपत नाही. हेच लेखी मागा. लेखी देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. रुग्णालयावरची तक्रार विमा लोकपालाकडे चालत नाही, तिथे फक्त विमा कंपनीविरुद्ध जाता येतं.

मुळशीकर, कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर आणि मग लोकपालाकडे. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

शमिका

माळ्यावरचे कागद मिळाले, पण त्यात फक्त सुरुवातीचं मंजुरीपत्र आहे, शेवटचं नाही. रुग्णालय म्हणतं आमच्याकडे नाही. आता?

बिलिंगवाली

त्यांच्याकडे असतंच, त्याशिवाय कंपनीकडून पैसे मिळत नाहीत. पण त्यांच्या मागे लागू नका. टीपीएच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर क्लेम नंबर टाकला की जुन्या क्लेमची पत्रं बरेचदा उतरवता येतात. तिथे नाही सापडलं तर पॉलिसीधारकाच्या नोंदवलेल्या ईमेलवरून विमा कंपनीला दोन गोष्टी मागा, अंतिम ऑथरायझेशन लेटर आणि सेटलमेंटचं पत्र. दुसऱ्यात कंपनीने प्रत्यक्षात किती दिले आणि नंतर काही कापलं का तेही कळेल. तुमचे चाळीस हजार ज्या कारणाने दीड महिना ठेवले, ते कारण खरं होतं का, हे त्यावरून दिसेल.

शमिका

ईमेल सासऱ्यांच्या जुन्या ऑफिसचा आहे, तो बंद झालाय. आधी तो बदलायचा अर्ज देते आणि मग इथे येऊन सांगते.